कर भरला, पण चुकीच्या वर्षाच्या नावावर: चलन दुरुस्त कसं करायचं

विवरणपत्र भरायच्या हंगामात पुण्यातल्या कुठल्याही कर सल्लागाराकडे एक प्रकरण हमखास येतं. कर भरलेला असतो, बँकेतून पैसे गेलेले असतात, पावतीही असते. तरी आयकर खातं म्हणतं की कर भरलेला नाही. बहुतेक वेळा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. पैसे सरकारकडे पोचलेले असतात, पण ते दुसऱ्याच आकारणी वर्षाच्या खात्यात जमा झालेले असतात.

ही चूक होते त्याला कारण आहे. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या काळातलं उत्पन्न सगळ्यांच्या डोक्यात ‘24-25’ असं असतं. कर भरताना मात्र पोर्टल आकारणी वर्ष, म्हणजे असेसमेंट इयर विचारतं आणि त्याचं उत्तर 2025-26 असतं. यादीत 2024-25 हाही पर्याय असतो आणि माणूस सवयीने त्यावरच बोट ठेवतो. पोर्टल अडवत नाही, कारण मागच्या आकारणी वर्षाचा कर आज भरणं बेकायदेशीर नाही.

प्रक्रिया समजायला एक प्रकरण टप्प्याटप्प्याने पाहू. कर्वेनगरमधले एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना आपण सर म्हणू. उत्पन्न पेन्शन आणि मुदत ठेवींच्या व्याजाचं, धंदा-व्यवसाय नाही, वय साठच्या पुढे. अशा ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे सगळा उरलेला कर विवरणपत्र भरण्याआधी एकदम भरायचा. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत वाढत वाढत 16 सप्टेंबर 2025 पर्यंत गेली होती. सरांनी 8 सप्टेंबरला 38,400 रुपये भरले आणि वर्ष निवडलं 2024-25. हवं होतं 2025-26. प्रकार मात्र त्यांनी बरोबर निवडला होता: सेल्फ असेसमेंट टॅक्स, म्हणजे मायनर हेड 300.

चूक पकडायची कुठे

पहिली जागा म्हणजे चलनाची पावती. पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये `Payment History` उघडा आणि पावती उतरवून घ्या. तिच्यावर आकारणी वर्ष, मेजर हेड म्हणजे कर कोणता, मायनर हेड म्हणजे तो कशापोटी भरला, बँकेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक असतो. हा कोड, तारीख आणि क्रमांक मिळून जो ओळख क्रमांक होतो त्याला सीआयएन म्हणतात. त्यात आकारणी वर्ष कुठेच येत नाही, आणि चूक लपून राहते ती इथेच. सरांनी विवरणपत्रात बीएसआर कोड, तारीख, क्रमांक आणि रक्कम अचूक भरली, कराची देय रक्कम शून्य दिसली, विवरणपत्र 10 सप्टेंबरला व्यवस्थित दाखल झालं. त्यांना वाटलं काम संपलं.

दुसरी जागा एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. त्यात ‘पेमेंट ऑफ टॅक्सेस’ या भागात तुम्ही भरलेली चलनं दिसतात. पूर्वी लोक हे फॉर्म 26AS या कर जमेच्या विवरणात पाहायचे. आता 26AS मध्ये मुख्यतः टीडीएस आणि टीसीएस असतं, त्यामुळे तिथे चलन दिसलं नाही म्हणून घाबरू नका. एआयएसची एक गंमत मात्र लक्षात ठेवा: तिथे वर्ष निवडताना आर्थिक वर्ष विचारतात. म्हणून आकारणी वर्ष 2024-25 च्या नावावर गेलेलं सरांचं चलन एआयएसमध्ये 2023-24 या आर्थिक वर्षाखाली बसलेलं होतं. आपल्या वर्षाखाली चलन नसेल तर एक वर्ष मागे जाऊन पाहा. चलन तिथे सापडलं की निदान पक्कं झालं. कर भरल्यावर ते दिसायला काही दिवस जाऊ शकतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी दिसत नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. तोपर्यंत पावती हाच पुरावा.

सात दिवसांच्या आत सापडलं तर

असं झालं तर तुम्ही नशीबवान. आकारणी वर्ष 2020-21 पासूनच्या चलनांसाठी दुरुस्तीची सोय थेट पोर्टलवर आहे. आकारणी वर्ष बदलायचं असेल तर चलन भरल्याच्या तारखेपासून 7 दिवस मिळतात. मेजर हेड किंवा मायनर हेड बदलायचं असेल तर 30 दिवस. सरांच्या बाबतीत ही खिडकी 15 सप्टेंबरला बंद होणार होती. शेवटच्या दिवशी दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही, चूक दिसली त्याच दिवशी अर्ज टाका.

incometax.gov.in वर लॉगिन करा. नंतरचा मार्ग असा:

```
Services > Challan Correction > Create Challan Correction Request
```

आधी काय बदलायचं ते निवडायचं: आकारणी वर्ष, मेजर हेड की मायनर हेड. मग चलन शोधायचं, आकारणी वर्षावरून किंवा सीआयएनवरून. वर्षावरून शोधताना इथे चुकीचं वर्ष टाकायचं असतं, कारण चलन सध्या तिथेच आहे. बरोबर वर्ष टाकून ‘रेकॉर्ड नाही’ म्हणत बसणारे बरेच भेटतात. चलन समोर आलं की नवं वर्ष निवडा, तपशील पुन्हा वाचा, ई-पडताळणी करा आणि अर्ज पाठवा. मिळालेला व्यवहार क्रमांक जपून ठेवा. अर्जाची स्थिती त्याच पानावर दिसत राहते.

या सोयीला तीन अटी आहेत आणि तिन्ही कडक आहेत. पहिली, चलन ‘अनकन्झ्यूम्ड’ असलं पाहिजे, म्हणजे ते कुठल्या विवरणपत्राच्या प्रक्रियेत किंवा खात्याने काढलेल्या कराच्या मागणीत आधीच वापरलेलं नसावं. दुसरी, मायनर हेडपैकी आगाऊ कराचं 100, सेल्फ असेसमेंटचं 300 आणि मागणीच्या भरण्याचं 400 याच प्रकारांची दुरुस्ती इथे होते. तिसरी अट लोकांना माहीत नसते: एका चलनावर ऑनलाइन दुरुस्ती एकदाच करता येते. वर्ष आणि मायनर हेड दोन्ही चुकलं असेल तर आधी वर्ष सुधारा. त्याची मुदत कमी आहे आणि नुकसानही त्यानेच जास्त होतं. उरलेली दुरुस्ती अधिकाऱ्याकडून करून घ्या. चुकीचा पॅन किंवा चुकीची रक्कम ही या सोयीत बसतच नाही.

विवरणपत्राची तारीख जवळ आली असेल आणि दुरुस्तीचा निकाल आला नसेल, तर विवरणपत्र थांबवू नका. चलनाचा तपशील जसा आहे तसा भरून वेळेत दाखल करा. उशीर झाला तर कलम 234F चं शुल्क लागतं आणि पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ते 5,000 रुपये आहे. कलम 234A चं व्याज वेगळं. चलनाची दुरुस्ती मागाहून होऊ शकते, पण गेलेली मुदत कोणी परत देत नाही.

सात दिवस उलटून गेले तर

सरांना चूक कळली डिसेंबरमध्ये. बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून, म्हणजे सीपीसीकडून, कलम 143(1) ची सूचना ई-मेलवर आली. तिच्यात दोन रकाने असतात, एकात तुम्ही दाखवलेले आकडे आणि दुसऱ्यात त्यांनी मोजलेले. उत्पन्न आणि कर दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो सेल्फ असेसमेंट टॅक्सच्या ओळीत: एका बाजूला 38,400 आणि दुसऱ्या बाजूला शून्य. मागणी 38,400 रुपयांची. आगाऊ कराची जबाबदारी नसल्यामुळे आणि विवरणपत्र वेळेत भरल्यामुळे त्यावर व्याज चढलं नाही. नोकरदाराच्या किंवा व्यावसायिकाच्या प्रकरणात आगाऊ कर कमी किंवा उशिरा भरल्याचं कलम 234B आणि 234C चं व्याजही त्या आकड्यात मिसळलेलं असू शकतं, म्हणून सूचनेतली प्रत्येक ओळ वाचा, फक्त शेवटची रक्कम नको.

इथे दोन घाईच्या गोष्टी करू नका. एक म्हणजे भीतीने लगेच पुन्हा 38,400 भरणं. त्याने मागणी मिटेल, पण आधीची रक्कम मागच्या वर्षात पडून राहील आणि ती सोडवायला पुन्हा याच दारी यावं लागेल. दुसरी म्हणजे चलन जागचं हललं नसताना सीपीसीकडे दुरुस्ती अर्ज करणं. त्यांची यंत्रणा पुन्हा त्याच वर्षात चलन शोधणार, पुन्हा तिला ते सापडणार नाही, आणि मागणी तशीच कायम होणार. आधी चलन हलवायचं, मग विवरणपत्र पुन्हा तपासून घ्यायचं. हा क्रम उलटा केला की महिनोन्‌महिने जातात.

दरम्यान मागणीला उत्तर द्या. `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand` उघडून ‘असहमत’ निवडा, आणि कारण म्हणून रक्कम आधीच भरल्याचं सांगून चलनाचा तपशील द्या. हे उत्तर मागणी रद्द करत नाही, पण तुम्ही गप्प बसला नाहीत याची नोंद होते. मागणीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत भरणा करायचा असतो. त्यानंतर कलम 220(2) नुसार दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला 1 टक्का व्याज मोजलं जातं. पुढे मूळ मागणीच दुरुस्तीने कमी झाली तर त्या प्रमाणात हे व्याजही कमी होतं. पण मागणी उभी असताना दुसऱ्या वर्षाचा परतावा तिच्यात वळता होऊ शकतो, म्हणून वेळ घालवू नका.

आता चलन हलवायचं काम अधिकारक्षेत्रातल्या असेसिंग ऑफिसरचं. पुण्यात आयकराची कार्यालयं एका छताखाली नाहीत. साधू वासवानी रस्त्यावर आयकर भवन आहे, सॅलिसबरी पार्कला बोधी टॉवर आहे, स्वारगेटला शंकरशेठ रस्त्यावरच्या पीएमटी इमारतीत काही वॉर्ड बसतात. त्यामुळे रिक्षा करून कुठेतरी जाण्याआधी पोर्टलवर `My Profile` मधला `Jurisdiction Details` हा भाग उघडा आणि आपला वॉर्ड व कार्यालय लिहून घ्या. एक पेच पुण्यात फार दिसतो. नोकरीच्या निमित्ताने नागपूर, मुंबई किंवा नाशिकहून आलेल्या लोकांचा पॅन अजून जुन्याच गावच्या वॉर्डात असतो. मग पुण्यातला अधिकारी त्यांच्या चलनाला हात लावू शकत नाही. अशा वेळी अर्ज पॅन जिथे आहे त्या अधिकाऱ्याकडेच करायचा. पॅन पुण्याला हलवणं हे वेगळं काम आहे, ते या कामाच्या आधी सुरू केलंत तर दोन्ही लांबतील.

अर्ज एका पानाचा असावा. सरांच्या अर्जाचा गाभा असा होता:

“माझा पॅन (क्रमांक). मी दिनांक 8/9/2025 रोजी 38,400 रुपये सेल्फ असेसमेंट टॅक्स (300) म्हणून भरले. बीएसआर कोड, चलन क्रमांक व सीआयएन सोबतच्या पावतीप्रमाणे. चलनात आकारणी वर्ष 2024-25 नजरचुकीने निवडलं गेलं, योग्य वर्ष 2025-26 आहे. ही रक्कम मी आकारणी वर्ष 2024-25 च्या विवरणपत्रात मागितलेली नाही. आकारणी वर्ष 2025-26 च्या विवरणपत्रात ती दाखवली आहे. कृपया चलनातील वर्ष दुरुस्त करावं.”

यातलं ‘मागितलेली नाही’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. अधिकाऱ्याच्या मनातली शंका एवढीच असते की माणूस एकच रक्कम दोन वर्षांत तर वापरत नाही ना. म्हणून सोबत चलनाची पावती, पॅनची प्रत, 143(1) ची सूचना, आणि दोन्ही वर्षांच्या विवरणपत्रांमधलं कर भरण्याचं पान जोडा. काही अधिकारी साध्या कागदावर हमीपत्रही मागतात: दुहेरी लाभ झाल्यास जबाबदारी माझी, अशा अर्थाचं. ते आधीच तयार ठेवलं तर एक फेरी वाचते. अर्जाच्या दोन प्रती न्या, आवक खिडकीवर एक द्या आणि दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्क्याची पोच नसेल तर पुढचा पाठपुरावा हवेत राहतो.

हा अर्ज मंजूर करणं अधिकाऱ्याच्या समाधानावर असतं. चूक प्रामाणिक आहे आणि चलन मोकळं आहे हे दिसलं तर तो खात्याच्या प्रणालीतून वर्ष बदलतो. चलन आधीच दुसरीकडे वापरलं गेलं असेल तर त्याचेही हात बांधलेले असतात. मग आधी ते तिथून सोडवावं लागतं, म्हणजे त्या वर्षाचा आदेश दुरुस्त करून घ्यावा लागतो. बरेच दिवस हालचाल नसेल तर पोर्टलच्या `Grievances` मधून तक्रार नोंदवा आणि शिक्का मारलेली प्रत जोडा. त्यानेही हललं नाही तर सीपीग्राम्स हा केंद्र सरकारचा तक्रार मंच आहे.

चलन हललं, आता पुढे

अधिकाऱ्याने ‘झालं’ सांगितलं तरी एआयएस उघडून स्वतः बघा. सरांचं चलन आर्थिक वर्ष 2024-25 खाली आलं, तेव्हाच पुढचं पाऊल टाकायचं. मग `Services` मधल्या `Rectification` मध्ये आकारणी वर्ष 2025-26 निवडून विवरणपत्राची पुनर्प्रक्रिया मागायची, तिथे `Reprocess the return` असा पर्याय असतो. विवरणपत्रात चलनाचा तपशील आधीच बरोबर असल्यामुळे काहीही नवं भरायचं नसतं. विवरणपत्रातच तपशील चुकला असेल तर मात्र कर जमेची दुरुस्ती हा प्रकार निवडावा लागतो. कलम 154 खालच्या या दुरुस्तीला, ज्या आर्थिक वर्षात आदेश झाला ते संपल्यापासून चार वर्षं मिळतात, त्यामुळे इथे धाप लागायचं कारण नाही. नव्या आदेशात कराच्या ओळीत दोन्ही रकान्यांत 38,400 दिसले आणि मागणी शून्य झाली, की प्रकरण बंद. जुन्या मागणीच्या नोंदीतही शून्य आलं का, तेही एकदा पाहून घ्या.

मायनर हेड चुकलं असेल तर

100 म्हणजे आगाऊ कर, 300 म्हणजे सेल्फ असेसमेंट, 400 म्हणजे खात्याने काढलेल्या मागणीचा भरणा. यातली 100 आणि 300 ची अदलाबदल बहुधा फारसा त्रास देत नाही. विवरणपत्रातला कर भरण्याचा तक्ता मायनर हेड विचारतच नाही. तो तारखेवरून ठरवतो: 31 मार्चपर्यंत भरलेलं ते आगाऊ कराच्या ओळीत, नंतरचं सेल्फ असेसमेंटच्या. त्यामुळे वर्ष बरोबर असेल तर मी लोकांना 100-300 साठी 30 दिवसांत पोर्टलवर दुरुस्ती करायला सांगतो, पण त्यासाठी वॉर्डाच्या पायऱ्या चढायला सांगत नाही.

400 ची गोष्ट वेगळी. सूचनेत मागणी आली आणि तुम्ही ती 300 खाली भरली, तर पैसे बरोबर वर्षात जमा होतात, पण मागणीच्या नोंदीशी जोडले जात नाहीत. मागणी उभीच राहते आणि वर व्याज मोजलं जातं. 30 दिवसांत असाल तर पोर्टलवर 300 चं 400 करा आणि मग मागणीच्या उत्तरात चलनाचा तपशील द्या. नंतर कळलं तर वर सांगितलेल्या अर्जातच वर्षाच्या जागी हेड लिहून अधिकाऱ्याकडे जा. ही चूक टाळायचा सोपा मार्ग म्हणजे मागणीचा भरणा नव्याने चलन काढून न करता थेट `Response to Outstanding Demand` मधल्या त्या मागणीसमोरच्या `Pay Now` वरून करणं. तिथून गेलं की मागणीचा संदर्भ चलनाबरोबर जातो. विवरणपत्र भरतानाचा उरलेला करही विवरणपत्रातूनच भरला तर वर्ष हाताने निवडायची वेळ कमी येते.

हलवू नये असं एक प्रकरण

चुकीचं वर्ष पुढचं असेल, रक्कम लहान असेल आणि त्या वर्षीही तुमचा कर लागणारच असेल, तर चलन तिथेच राहू द्यायचा विचार करायला हरकत नाही. ते त्या वर्षीच्या विवरणपत्रात वापरता येतं. चालू वर्षाचा खड्डा मात्र आत्ता भरावा लागतो आणि तेवढे पैसे काही महिने अडकतात. दोन-तीन हजारांसाठी वॉर्डात खेटे घालण्यापेक्षा ते परवडतं. पन्नास हजारांसाठी परवडत नाही.

2026 पासून आणखी एका सारखेपणाची भर पडली आहे. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आणि त्यात आकारणी वर्ष जाऊन ‘कर वर्ष’, म्हणजे टॅक्स इयर आलं. मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाचं आकारणी वर्ष 2026-27 आहे आणि एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाचं कर वर्षही 2026-27. आकडे तेच, उत्पन्न वेगळं. 2026 च्या जूनमध्ये आगाऊ कराचा हप्ता आणि त्याच सुमारास मागच्या वर्षाचा उरलेला कर भरणाऱ्याने पैसे सोडण्याआधी अंतिम पानावर आकड्याबरोबर त्यापुढचे शब्दही वाचावेत: असेसमेंट इयर आहे की टॅक्स इयर. या लेखातली कलमं जुन्या कायद्याची आहेत, म्हणजे आकारणी वर्ष 2026-27 पर्यंतच्या चलनांसाठी.